सरासरीत कोणाला घ्यायचं?

शनिवारी रात्री जेवणं उरकत असताना भाच्याचे पाच फोटो एकापाठोपाठ मोबाइलवर येऊन पडले. पाचही फोटोंत तेच. काचेची उभी नळी, तिच्यावर पांढऱ्या रेघा आणि आत जांभळं पोटॅशियम परमँगनेट. खाली एकच ओळ होती, 'मामा, सोमवारी जर्नल द्यायचंय. उत्तर बरोबर आलंय, पण रीडिंग जुळत नाहीत. चालेल ना?'

बारावीचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल ज्यांनी केलंय त्यांना हा प्रसंग नवा नाही. बदल झालाय तो एवढाच, की पूर्वी ब्युरेटवरचा आकडा डोळ्यांनी वाचून लगेच वहीत उतरवावा लागे. आता मुलं फोटो काढून ठेवतात आणि घरी निवांत वाचतात. जिथं शिक्षक मोबाइल वापरू देतात तिथं ही सोय चांगली आहे, कारण संशय आला तर पुन्हा फोटो उघडून बघता येतो. पण फोटोची स्वतःची काही खोड असते. ती ओळखून रीडिंग घ्यावं लागतं, नाहीतर शेवटचं साधं गणितही आपल्याला फसवतं. भाच्याचं नेमकं तेच झालं होतं.

प्रयोग असा. ०.०५ मोलर संहतीचं ऑक्झॅलिक ॲसिड आपण स्वतः बनवतो. त्याचे १.५७५ ग्रॅम स्फटिक वजन करून २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये विरघळवले, की हे द्रावण तयार होतं. म्हणजे याची संहती आपल्याला ठाऊक असते. परमँगनेटची संहती ठाऊक नसते आणि तीच काढायची असते. ऑक्झॅलिकचं १० मिलिलिटर पिपेटनं कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड टाकायचं, साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं आणि वरच्या ब्युरेटमधून परमँगनेट थेंबाथेंबानं सोडायचं. आधी प्रत्येक थेंब रंगहीन होत जातो. ऑक्झॅलिक संपलं, की पुढच्या थेंबाला कोणी गिऱ्हाईक उरत नाही आणि फ्लास्कमधल्या द्रावणाला फिकट गुलाबी छटा येते. ती अर्धा मिनिट टिकली, की थांबायचं आणि ब्युरेटमधली पातळी वाचायची. सुरुवातीची पातळी वजा केली, की किती परमँगनेट खर्ची पडलं ते कळतं.

पहिल्या खेपेला अंदाज नसतो. धार सोडली जाते, गुलाबी रंग येऊन पुढं गडद होतो, आणि मग कॉक बंद होतो. या खेपेला पायलट रीडिंग म्हणतात. त्यानंतरच्या खेपा सावकाश करायच्या, शेवटचं एक मिलिलिटर राहिलं की थेंब मोजत. दोन-तीन खेपांचे आकडे एकमेकांच्या ०.१ मिलिलिटरच्या आत आले, की ते जुळलेले मानायचे. जर्नलमध्ये याला कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग म्हणतात, आणि बोलताना नुसतं सीबीआर.

भाच्यानं ब्युरेट एकदाच वरपर्यंत भरली होती. एक खेप जिथं संपली तिथूनच त्यानं पुढची सुरू केली. म्हणून चार खेपांना पाचच फोटो पुरले. त्यानं वाचलेले आकडे क्रमानं असे होते: ०.०, १०.६, २०.४, ३०.५ आणि ४०.१. वजाबाकी केली की चार खेपा निघतात:

पायलट: १०.६
पहिली: ९.८
दुसरी: १०.१
तिसरी: ९.६

शेवटच्या तिघांत एकही जोडी ०.१च्या आत बसत नाही. भाच्यानं मग सोपा मार्ग काढला. चारही आकड्यांची बेरीज ४०.१ झाली, तिला चारनं भागलं, १०.०२५ आलं आणि त्यावरून संहती निघाली ०.०१९९५, म्हणजे जवळजवळ ०.०२ मोलर. प्रयोगशाळेतल्या बाटलीवरही '०.०२ मो.' असंच लिहिलं होतं. इतकं छान जमल्यावर त्याला प्रश्न पडला तो फक्त जुळत नसलेल्या रीडिंगचा.

मी त्याला फोन केला. 'पायलट का धरलंस?'

'चार आकडे घेतले तर सरासरी जास्त खात्रीची, असं वाटलं. आणि मामा, तू बघ ना, बरोबर ०.०२ येतंय.'

आकडे जितके जास्त तितकी सरासरी चांगली, हे म्हणणं एका अटीवरच खरं ठरतं. चुका दोन्ही बाजूंनी झाल्या पाहिजेत, कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी. तसं असेल तर त्या एकमेकींना खोडतात. पायलटमधली चूक तशी नसते. कॉक उशिरा बंद केला तर आकडा वाढतो, आणि घाईत तो उशिराच बंद होतो. १०.६ला तोलून धरायला ९.०चं रीडिंग कुठून येणार? ते सरासरीत टाकलं, की सरासरी एकाच दिशेला ओढली जाते. भाच्याच्या नशिबानं ती बाटलीवरच्या आकड्याच्या दिशेनं ओढली गेली, म्हणून त्याला ती बरोबर वाटली.

बाटलीवरच्या आकड्याचंही थोडं सांगायला हवं, कारण मुलं त्याला उत्तर समजतात. परमँगनेट नेमकं वजन करून नेमक्या संहतीचं द्रावण बनवण्यासारखा पदार्थ नाही. पाण्यात सेंद्रिय कचरा अगदी किंचित असला तरी थोडं परमँगनेट त्याच्यात खर्ची पडतं, उजेडात ठेवलं तर हळूहळू विघटन होतं, आणि जुन्या बाटलीच्या बुडाशी तपकिरी गाळ दिसतो. म्हणून बाटलीवरचा आकडा अंदाजाचा असतो. तो नेमका असता तर हा प्रयोग करायचं कारणच उरलं नसतं.

आता फोटोंकडे वळू. मी भाच्याला सांगितलं, की जुळत नसलेलं रीडिंग कोणतं ते आधीच ठरवायचं नाही. पाचही फोटो पहिल्यापासून, एकाच नियमानं पुन्हा वाचायचे आणि नवे आकडे वेगळ्या कागदावर लिहायचे. खटकणारा आकडा तेवढा दुरुस्त केला तर ते उत्तराला सोयीचं करून घेणं होतं. सगळे वाचले तर ती तपासणी ठरते.

नियम कोणता, तर कड वरची धरायची. नळीतल्या द्रवाचा पृष्ठभाग सपाट नसतो. काचेला चिकटून तो कडेनं थोडा वर चढतो आणि मधे वाटीसारखा खोल राहतो. याला मिनिस्कस म्हणतात. रंगहीन द्रावण असेल तर वाटीचा तळ वाचायचा, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. परमँगनेट इतकं गडद असतं, की तो तळ दिसत नाही. म्हणून तिथं वरची कड वाचतात. एरवी यानं काही बिघडत नाही, कारण सुरुवातीलाही वरची आणि शेवटीही वरची कड वाचली तर वजाबाकीत फरक निघून जातो. बिघडतं ते एकदा तळ आणि एकदा कड वाचली की. नेहमीच्या ५० मिलिलिटरच्या ब्युरेटमध्ये आतली नळी साधारण ११ मिलिमीटर रुंद असते आणि ०.१ मिलिलिटरची एक रेघ सुमारे १ मिलिमीटर उंचीची असते. अशा नळीत वाटीची खोली दोनेक मिलिमीटर भरते. म्हणजे तळ आणि कड यांत जवळपास ०.२ मिलिलिटरचा फरक पडतो.

चौथा फोटो मोठा करून बघितल्यावर लगेच कळलं. इतर फोटोंत नळीमागं भिंत होती. या फोटोत मात्र मित्रानं मागून मोबाइलचा टॉर्च धरला होता. उजेड आरपार आल्यामुळं जांभळ्या रंगातून वाटीचा तळ स्पष्ट दिसत होता, आणि भाच्यानं सवयीनं तोच वाचला होता, ३०.५. वरची कड ३०.३ वर होती. बाकीच्या चार फोटोंत आकडे बदलले नाहीत.

टॉर्चचा हा घोळ फोटो न बघताही नुसत्या आकड्यांतून ओळखता आला असता. दुसरी खेप १०.१ आणि तिसरी ९.६, म्हणजे एक वर गेलेली आणि लगेच पुढची खाली आलेली. दोघींची बेरीज १९.७ होते. ३०.५ हा आकडा दुसऱ्या खेपेचा शेवट आहे आणि तिसऱ्या खेपेची सुरुवातही तोच आहे. तो ०.२नं जास्त वाचला गेला, की एका खेपेत ०.२ वाढतात आणि दुसरीतून तेवढेच कमी होतात. एका खेपेवरून पुढची सुरू करणाऱ्यानं वाढ-घट अशी जोडीनं दिसली, की मधला सामाईक आकडा आधी तपासावा. थेंब जास्त पडल्यामुळं खेप वाढली असती, तर पुढच्या खेपेला त्याची भरपाई झाली नसती.

दुरुस्तीनंतर तीन खेपा अशा झाल्या: ९.८, ९.९, ९.८. तिन्ही ०.१च्या आत. बेरीज २९.५, सरासरी ९.८३.

भाच्यानं इथं मला पकडलं. 'पण मामा, चुकीचे तीन आकडे घेतले असते तरी बेरीज २९.५च येते. ९.८, १०.१, ९.६. मग एवढं करून मिळालं काय?'

मुलगा गणितात बरा आहे. त्याचं म्हणणं खरं होतं. एका खेपेला लागून दुसरी अशी साखळी केली, की बेरजेत मधले सगळे आकडे एकदा अधिक आणि एकदा उणे येऊन उडून जातात. उरतात ते पहिला आणि शेवटचा. ४०.१ वजा १०.६, भागिले तीन. तीन खेपांची सरासरी काढली असं आपण म्हणतो, पण ती प्रत्यक्षात दोन फोटोंच्या खांद्यावर उभी असते. मधला फोटो कितीही चुकीचा वाचला तरी सरासरी हलत नाही. भाच्यानं आधी काढलेली चार खेपांची सरासरीही तशीच होती. ती शून्य आणि ४०.१ या दोन आकड्यांवरच टेकलेली होती, आणि मधल्या तीन फोटोंना तिथं काहीच काम नव्हतं.

मधल्या फोटोंचं काम वेगळं असतं. तीन खेपांत हात सारखा चालला की नाही, याची साक्ष ते देतात. ९.८, १०.१, ९.६ बघून परीक्षक म्हणेल, की कॉकवर ताबा नाही किंवा रंग ओळखता येत नाही, आणि मग ९.८३ या सरासरीवर विश्वास ठेवायला त्याला आधार राहणार नाही. तोच ९.८३ हा आकडा ९.८, ९.९, ९.८ यांतून आला, की भरवशाचा वाटतो. म्हणूनच पुष्कळ शिक्षक प्रत्येक खेपेआधी ब्युरेट पुन्हा शून्यापर्यंत भरायला लावतात. द्रावण थोडं जास्त लागतं, फोटोही दुप्पट होतात, पण प्रत्येक खेपेचे दोन आकडे तिचे स्वतःचे असतात. मग एका फोटोतली चूक एकाच खेपेत राहते आणि सरासरी खरोखर तीन वेगवेगळ्या मापांची होते.

या प्रयोगात ते झालेलं नव्हतं, त्यामुळं १०.६ आणि ४०.१ हे दोन फोटो बारकाईनं बघणं भाग होतं. इथं प्रश्न येतो मोबाइल किती उंचीवर धरला होता याचा.

ब्युरेटवरच्या रेघा बाहेरच्या काचेवर असतात आणि द्रव आत असतो. डोळा किंवा कॅमेरा पातळीच्या नेमका समोर नसेल, तर रेघ आणि द्रव यांची जोडी चुकीची जुळते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. एसटीत बाजूच्या सीटवरून चालकाचा वेगाचा काटा बघितला की थोडा वेगळा आकडा दिसतो, तसंच हे. परमँगनेटच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. कॅमेरा वर असेल तर द्रवाचा पृष्ठभाग थाळीसारखा, लंबगोल दिसतो. त्या थाळीला दोन कडा असतात, आपल्या बाजूची आणि पलीकडची. फोटोत पलीकडची कड वर दिसते. 'वरची कड वाचा' हा नियम पाठ असलेला मुलगा नेमकी तीच वाचतो. मोबाइल नळीपासून ३० सेंटिमीटरवर आणि पातळीपेक्षा फक्त ५ सेंटिमीटर वर असला, तर ही पलीकडची कड जवळपास दोन मिलिमीटर वरच्या रेघेवर दिसते. ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात, म्हणून रीडिंग ०.२ मिलिलिटरनं कमी येतं. कॅमेरा खाली असेल तर गडद द्रव पलीकडची कड झाकून टाकतो आणि आपल्या बाजूचीच दिसते. तिच्यात आणि रेघेत फक्त काचेच्या जाडीचं अंतर असतं, त्यामुळं चूक फारच थोडी होते.

आता हे भाच्याच्या साखळीला लावू. १०.६ची पातळी आणि ४०.१ची पातळी यांत तीस मिलिलिटरचा, म्हणजे सुमारे एका फुटाचा उतार आहे. मोबाइल सुरुवातीला समोर धरला आणि मग हात तिथंच ठेवून नुसता कॅमेरा खाली झुकवला, तर शेवटचा फोटो चांगलाच वरून येतो. शेवटचं रीडिंग कमी येतं, खर्च झालेलं परमँगनेट कमी भरतं आणि संहती फुगते. प्रत्येक खेप शून्यापासून दहापर्यंत केली असती, तरी मोबाइल एकाच जागी धरण्याची सवय तिन्ही खेपांत सारखीच चूक करत राहिली असती. आकडे सुरेख जुळले असते आणि तिन्ही चुकीचे असते.

सुदैवानं कॅमेऱ्याची उंची फोटोतच ओळखता येते. बऱ्याच ब्युरेटवर पूर्ण मिलिलिटरची रेघ नळीला वळसा घालून जाते. कॅमेरा समोर असेल तर पातळीजवळची ती रेघ सरळ आडवी दिसते. वर किंवा खाली असेल तर बांगडीसारखी लंबगोल होते. भाच्याच्या शेवटच्या फोटोत ४०ची रेघ सरळ होती, आणि द्रवाची कडही एकच रेघ दिसत होती, थाळी नव्हती. १०.६चा फोटोही ठीक होता. पहिला, शून्याचा फोटो मात्र खालून होता, कारण शून्याची रेघ त्याच्या डोक्याच्या वर गेली होती. पण शून्य फक्त पायलटमध्ये लागतं आणि पायलट आपण सोडून दिलंय. तो फोटो वाकडा असला तरी काही बिघडत नाही. शेवटचा फोटो तसा असता, तर तो मोबाइलवर कितीही फिरवून किंवा सरळ करून उपयोग नव्हता. ती खेप पुन्हा करणं एवढाच उपाय उरतो.

फोटो मोठा करता येतो, याचाही एक मोह असतो. भाच्यानं तिसरा फोटो बोटांनी ताणून मला सांगितलं, 'मामा, हे २०.४ नाही, २०.४३ आहे.' रेघा ०.१ मिलिलिटरच्या आहेत. दोन रेघांच्या बरोबर मधे पातळी असेल तर २०.४५ म्हणता येतं, इथपर्यंत डोळ्याला न्याय आहे. त्यापुढचा आकडा पडद्यावरच्या ठिपक्यांतून येतो, ब्युरेटमधून येत नाही. रेघेचीच जाडी किती असते ते बघावं. उलट, फार जवळून फोटो काढला तर वेगळीच पंचाईत होते. चौकटीत एकच छापील आकडा राहतो आणि रेघा वरून मोजायच्या की खालून, हे घरी आल्यावर आठवत नाही. मग २०.४ची पातळी कोणी २०.६ वाचतो. वरचा आणि खालचा असे दोन छापील आकडे फोटोत असतील तर हा प्रश्न येत नाही.

आता गणित. इथं सूत्र पाठ असण्यापेक्षा हिशेब समजला तर बरं. फ्लास्कमध्ये १० मिलिलिटर ऑक्झॅलिक होतं आणि त्याची संहती ०.०५ मोलर, म्हणजे त्यात ०.५ मिलिमोल ऑक्झॅलिक होतं. ऑक्झॅलिकचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि परमँगनेटचा एक आयन पाच घेतो. देणंघेणं चुकतं व्हायचं, तर ऑक्झॅलिकच्या पाचांना परमँगनेटचे दोन लागतात. म्हणून ०.५ मिलिमोल ऑक्झॅलिकला ०.२ मिलिमोल परमँगनेट पुरलं. हे ०.२ मिलिमोल ९.८३ मिलिलिटरमध्ये होतं. भागाकार केला:

०.२ ÷ ९.८३ = ०.०२०३ मोलर

पोटॅशियम परमँगनेटच्या एका मोलचं वजन १५८ ग्रॅम. त्यानं गुणलं तर लिटरला ३.२१ ग्रॅम.

कॅल्क्युलेटर ०.०२०३४५८ असं पुढंही बरंच दाखवतो. ते उतरवायचं नाही, आणि का नाही हे करून बघता येतं. ९.८ धरलं तर उत्तर येतं ०.०२०४, ९.९ धरलं तर ०.०२०२. आपल्या खेपाच या दोन आकड्यांच्या मधे आहेत. म्हणजे चौथ्या दशांश स्थळावरच एकाचा इकडेतिकडे संशय आहे. त्याच्या पुढचे अंक लिहून आपण कोणाला काही सांगत नाही. ९.८३ मधला ३ मात्र मधल्या हिशेबात ठेवायचा, कारण तो आधीच कापला तर उत्तर ०.०२०४कडं झुकतं. कापायचं ते शेवटी.

भाच्याचं आधीचं उत्तर ०.०१९९५ आणि आताचं ०.०२०३. फरक दोन टक्क्यांच्या जरासा आत. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे दहा मिलिलिटरला अर्धा टक्का. पायलट सरासरीत घेण्याची किंमत जवळपास चार थेंबांएवढी पडली होती. एवढी मेहनत घेऊन थेंब मोजले आणि मग एका भागाकारात चार थेंब सांडले, असंच ते झालं.

हे सगळं झाल्यावर मी भाच्याला विचारलं, की ०.०२०३ हे उत्तर खरं आहे कशावरून? तो म्हणाला, तीन रीडिंग जुळलीत. मग मी त्याला फोटोत नसलेल्या गोष्टी विचारायला सुरुवात केली. ऑक्झॅलिकचं वजन करताना स्फटिक कोरडे पडून त्यांच्यातलं पाणी उडालेलं होतं का? तसं असेल तर तेवढ्याच वजनात ऑक्झॅलिक जास्त जातं आणि द्रावण ०.०५ पेक्षा तीव्र होतं. पिपेटच्या टोकाशी राहणारा शेवटचा थेंब फुंकून काढला का? गुलाबी छटा पिवळट बल्बखाली बघितली की पांढऱ्या टाइलवर? फ्लास्कचा फोटो यात उपयोगी पडत नाही, कारण मोबाइल स्वतःच रंग सावरून घेतो, आणि छटा अर्धा मिनिट टिकली हे कुठल्याच एका फोटोत दिसत नाही.

यातली प्रत्येक चूक तिन्ही खेपांत सारखीच होते. ऑक्झॅलिक एकच, पिपेट एकच, बल्ब एकच. तीन साक्षीदारांना एकाच माणसानं पढवून आणलं, तर त्यांच्या जबान्या जुळणारच. रीडिंग जुळली याचा अर्थ हात स्थिर होता आणि पातळी नीट वाचली गेली. त्यापलीकडचं ती सांगू शकत नाहीत, आणि सरासरी तर मुळीच सांगू शकत नाही.

शेवटचा प्रश्न विचारला ब्युरेटच्या टोकाचा. कॉकच्या खाली जी बारीक चोच असते, तिच्यात भरताना हवेचा बुडबुडा अडकतो. प्रयोग चालू असताना तो निसटला, तर वरची पातळी तेवढी खाली जाते. फ्लास्कमध्ये काही न पडता रीडिंग वाढतं. तो बहुतेक पहिल्याच खेपेत निसटतो. 'तुझं पायलट १०.६ आलं ते निव्वळ घाईनं, की थोडं बुडबुड्यानंही?'

तो थोडा वेळ गप्प राहिला. 'माहीत नाही. फोटो वरच्या पातळीचेच काढलेत.'

जर्नलमध्ये त्यानं ३०.५वर एकच आडवी रेघ मारून बाजूला ३०.३ लिहिलं, जुना आकडा वाचता येईल असा. शेजारी कारण लिहिलं, की तळ वाचला होता, वरची कड घेतली. पायलटचा आकडा तक्त्यात राहू दिला आणि सरासरीतून काढला. उत्तर ०.०२०३ मोलर.

पुढच्या आठवड्यात फेरस अमोनियम सल्फेटचं टायट्रेशन होतं. संध्याकाळी पुन्हा फोटो आले, या वेळी नऊ. चार खेपा, प्रत्येक शून्यापासून, प्रत्येकीचे दोन. नववा मी वेळ बघून क्रमानं लावला तेव्हा तो सगळ्यांत आधीचा निघाला. त्यात पातळी नव्हतीच. कॉकखालची चोच होती, तोंडापर्यंत जांभळी, मधे कुठं हवा नसलेली.